नंबर तीनची चमक

जयवंता दिवसभर माणसांची तोंडं उलटी पाहायची. उलटी म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. अकोल्याच्या ताजनापेठेत खुशालरावांचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या मागच्या खोलीत तिचा रिटचिंगचा डेस्क होता. उतरत्या चौकटीत दुधी काच, खाली आरसा, काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखी घासलेली पेन्सिल. डेस्कसमोर पडदा. पडदा काहून, तर गिऱ्हाइकाला आपल्या तोंडावर कोणाचा हात फिरतो ते कळू नये म्हणून. जयवंताचं घर छप्पन साली बौद्ध झालं होतं. खुशालराव चारचौघांत मोठ्यानं 'जय भीम' म्हणायचे आणि पडदा तसाच ठेवायचे.

पाच वर्षांत अकोल्यातल्या अर्ध्या शहराची तोंडं तिच्या पेन्सिलीखालून गेली होती. वकील, आडते, मास्तर, कापसाचे जीनवाले. कोणाच्या नाकावर किती भोकं आहेत ते त्यांच्या बायकोला ठाऊक नसेल, जयवंताला ठाऊक होतं.

त्रेसष्ट सालच्या डिसेंबरात, एका सोमवारी सकाळी, पडदा बाजूला सारून एक बाई आत आली. डोक्यावरची ओढणी तिनं नाकापर्यंत ओढली होती.

"फोटोवाली बाई तुमीच का?"

"फोटो मालक काढतात जी. मी नुसती सुधारते."

"मग माझंही सुधारा," असं म्हणून बाईनं ओढणी मागं केली.

जयवंताच्या हातातली पेन्सिल थांबली. दोन्ही गाल लाल, ताणलेले, वर पापुद्रे सुटलेले. ओठांच्या कोपऱ्यांत चिरा, एका चिरेत रक्ताचा ठिपका. आणि एवढं सगळं असून ते गाल चकाकत होते, नवी पत्र्याची पेटी चकाकावी तसे.

बाईचं नाव कुलसुमबी. अकोटच्या उर्दू कन्याशाळेत मास्तरीण. दिवाळीआधी ती याच स्टुडिओत येऊन फोटो काढून गेली होती, 'रूपकांती'चा.

रूपकांती म्हणजे अमरावतीच्या ओमप्रकाशसाहेबांचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन खोल्या, चार बरण्या आणि दारावर हातभर लांब पाटी. वर्तमानपत्रात जाहिरात यायची: 'तुमच्या कातडीचा प्रकार तज्ज्ञांकडून फोटोवरून ओळखून घ्या.' गिऱ्हाइकानं स्टुडिओत जवळून फोटो काढायचा. स्टुडिओनं त्यातले तीन तुकडे कापायचे, कपाळाचा, नाकाचा आणि गालाचा, आणि रूपकांतीच्या छापील कार्डावर तीन चौकोनांत चिकटवायचे. कार्डावर नाव आणि गाव. दर शनिवारी साहेब अमरावतीहून यायचे, पुढच्या खोलीत खुर्ची टाकून भिंगातून कार्डं पाहायचे आणि खाली एकच शब्द लिहायचे. कोरडी असेल तर नंबर एक, ती मलई. तेलकट असेल तर नंबर दोन, ते तुरटी घातलेलं पाणी. अतितेलकट असेल तर नंबर तीन, त्यात गंधक आणि स्पिरिट. 'मिश्र' असाही शब्द कार्डावर छापलेला होता, पण त्याच्यासाठी बाटलीच नव्हती. म्हणून तो शब्द साहेबांनी आजवर कोणाच्याही नशिबी लिहिला नव्हता.

"कपाळावर दोन-चार पुटकुळ्या होत्या फक्त," कुलसुमबी सांगू लागली. "साहेबानं लिहिलं तेलकट. नंबर दोन लावलं. आठ दिवसांत गाल ओढून राहिले. मी चिठ्ठी लिहिली, तर म्हणे फोटो पुन्हा काढा. काढला. आता हे आलं." तिनं पिशवीतून बाटली काढली. नंबर तीन. सोबत साहेबांची चिठ्ठी: 'चमक वाढली आहे. तेल अजून आत आहे. सकाळ-संध्याकाळ लावणे.'

"लावलं?"

"नाही अजून. वास घेतला आणि झाकण लावून टाकलं. पण न लावून करू काय? हेडमास्तरीण म्हणते, ही खरूज हाय, पोरीले लागंल. सोमवारपर्यंत तोंड नीट झालं नाही तर घरी बस म्हणते. म्हणजे पुढचा सोमवार. शनिवारी येऊन मी साहेबालेच विचारणार हाय. तो म्हणंल लाव, तर लावीन."

"शनिवारपर्यंत काही लावू नका. नंबर दोन नाही, तीन नाही. पाण्यानं धुवा आणि घरचं लोणी नाहीतर तीळतेल गालाले लावा. नाकाले नको."

"तुमी डाक्टर हाय काय?"

"नाही. म्हणून तर सांगून राहिले, सरकारी दवाखान्यात दाखवा. पण ते बाटलीचं झाकण उघडू नका."

कुलसुमबी गेली आणि जयवंतानं निगेटिव्हांचा खोका खाली काढला.

दिवाळीआधीची कुलसुमबीची निगेटिव्ह लिफाफ्यात होती. ती काचेवर ठेवली, भिंग लावलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. नाकावर पेन्सिल. कपाळावर पेन्सिल. गालावर तर इतकी बारीक, इतकी सफाईदार पेन्सिल की खुशालरावांनी तेव्हा शाबासकी दिली असणार.

रिटचिंगची गोष्ट अशी असते. छापल्या फोटोत जे काळं दिसतं, नाकावरची भोकं, डोळ्याखालच्या रेघा, गालावरच्या बारीक चिरा, ते निगेटिव्हवर पांढरं, उघडं असतं. तिथं पेन्सिलीचा ठिपका ठेवला की फोटोत ते नाहीसं होतं. पण फोटोत जी चमक असते ती निगेटिव्हवर काळी, दाट असते. पेन्सिल काळ्यावर काय करणार? ती चाकूनंच खरवडावी लागते, आणि चाकू घसरला की निगेटिव्ह गेली. म्हणून खुशालरावांचा हुकूम होता: भोकं बुजव, रेघा बुजव, चमक राहू दे.

हुकूम सगळ्या फोटोंना लागू होता. रूपकांतीच्याही.

"मालक, हे फोटो कातडी ओळखायचे हायेत. हे रिटच कराचे नसतात," असं तिनं सुरुवातीलाच म्हटलं होतं.

"गिऱ्हाइकाच्या हातात कार्ड जाते. त्यावर नाकाचं गाळणं दिसलं तर ते पुन्हा येईल का आपल्या दुकानात?" खुशालराव म्हणाले होते, आणि तेवढ्यावर ती गप्प बसली होती. पाच वर्षं गप्प बसायची सवय होती, त्यात एक गोष्ट आणखी.

म्हणजे कातडी कातडीसारखी दिसते ज्याच्यावरून, ते सगळं तिनं स्वतःच्या हातानं पुसलं होतं. उरली होती एकटी चमक. आणि तो अमरावतीचा शहाणा भिंग लावून तीच चमक पाहत होता आणि गावोगावच्या बायकांच्या तोंडावर गंधक ओतत होता.

आणि चमक तरी कशाची? खुशालराव गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर पाचपाचशे वॉटचे दोन दिवे लावायचे. दगडही चमकला असता. त्यात आपल्या मुलखातली रीत. फोटो काढायला निघायचं म्हणजे डोक्याला तेल, आणि हाताला उरलेलं तेल तोंडावरून फिरवायचं. कोरडं तोंड घेऊन फोटोला बसलं तर लोक म्हणतील घरी खायला नाही. मोर्शीपासून अकोटपर्यंत जो तो तोंडाला तेल चोपडून यायचा, आणि साहेब अनुमान काढायचे की वऱ्हाडच तेलकट आहे! तिकडं थंडीच्या वाऱ्यानं लोकांच्या टाचा, ओठ, गाल फुटून राहिलेत, आणि हे म्हणतात तेल.

दुसरी निगेटिव्ह दोन आठवड्यांपूर्वीची. ती घाईत छापलेली, अजून रिटच न केलेली. ती भिंगाखाली धरली तशी जयवंताला गोष्ट कळली. नाकावर आणि भुवयांच्या मधे भोकं होती, गोल, उघडी. तिथली चमक ठिपक्याठिपक्यांची, तुटक. गालांवर मात्र भोक दिसत नव्हतं. होतं ते बारीक रेघांचं जाळं आणि सुटलेल्या पापुद्र्यांच्या कडा. आणि त्या जाळ्यावरून एक सलग, सपाट चमक गेलेली, ताणून बसवलेल्या चामड्यावर असते तशी. ते तेल नव्हतं. कातडी सुकून ताणली की ती चमकते. नंबर दोननं गाल सुकवले, सुकले म्हणून चमकले, चमकले म्हणून नंबर तीन. असंच चाललं असतं तर नंबर चारची पाटी रंगवायला साहेबांना किती वेळ लागणार होता!

कुलसुमबीचं नाक एका जातीचं आणि गाल दुसऱ्या जातीचे. छापील कार्डावर जो 'मिश्र' शब्द धूळ खात पडला होता, तो तिचा होता.

जयवंता खुशालरावांकडे गेली. खुशालराव पुढच्या खोलीत आरशासमोर तोंडाला पावडर लावत बसले होते. हे त्यांचं दिवसातून तीनदा चालायचं.

"मालक, तुमचं तोंड तेलकट हाय."

"काय म्हणतं?"

"पावडरीनं चमक झाकते, पण नाक आणि गाल पाहा. मोर्शीच्या संत्र्याच्या सालीसारखी भोकं हायेत, गालापर्यंत. तुमचं कार्ड केलं तर साहेब चमक नाही म्हणून कोरडी लिहील आणि मलई देईल. आणि त्या अकोटच्या मास्तरणीचे गाल कोरडे हायेत, तिले तो गंधक देऊन राहिला. तिचं तोंड फुटलं."

खुशालरावांनी आधी आरशात नाक पाहिलं, मग रागावले. "तू त्या मास्तरणीचं पाहू नको. तू पेन्सिलीचं पाहा. साहेब तज्ज्ञ हायेत. मुंबईला शिकले."

"कोणापाशी?"

"ते मले काय ठाऊक! शिकले म्हणजे शिकले!"

जयवंता परत डेस्कवर आली. तज्ज्ञ. तिला हसू आलं, पण ते हसू चांगलं नव्हतं. तिच्याकडे पाच वर्षांची तोंडं होती आणि साहेबाकडे एक भिंग होतं. त्या भिंगाला तरी ठाऊक असेल का आपण काय पाहतो ते?

मग तिला आठवलं, साहेबांचंही तोंड आपल्याकडे आहे.

गणपतीत ओमप्रकाशसाहेबांनी जाहिरातीसाठी फोटो काढला होता. वर्तमानपत्रात छापायच्या ब्लॉकसाठी फक्त तोंड, जवळून. दोन निगेटिव्ह काढल्या होत्या. एक रिटच करून मोठी छापली, ती चौकटीत घालून खुशालरावांनी पुढच्या भिंतीवर लावली. दुसरी तशीच लिफाफ्यात पडलेली. तिला पेन्सिल लागली नव्हती.

तिनं ती छापली. कपाळाचा तुकडा कापला, नाकाचा कापला, डाव्या गालाचा कापला. गालावर डोळ्याखाली एक तीळ होता, तो तिनं मुद्दाम चौकोनात घेतला. लपवाछपवी करायची नव्हती तिला. ज्याला पाहता येतं त्याला दिसावं असं सगळं उघडं ठेवलं. कार्डावर तिन्ही तुकडे चिकटवले आणि नाव तेवढं मनचं लिहिलं: जानराव, मोर्शी.

कार्डावरची कातडी अशी होती. भोकं शोधून सापडत नव्हती. कपाळावर बारीक रेघा, नाकाच्या कडेला पापुद्रे, गालावर मासळीच्या खवल्यासारखं जाळं. आणि सगळ्यावरून एकसारखी चमक, कारण वर काहीतरी चोपडलेलं. कोरडी, अगदी कोरडी. तिच्या जागी नवं शिकणाऱ्या कोणीही सांगितलं असतं, डोळे असते तर.

शनिवारी साहेब आले. कोट, बारीक मिशी, तोंड चकचकीत. खुर्चीत बसले, खिशातून भिंग काढलं, रुमालानं पुसलं. समोर चौदा कार्डं. पुढच्या खोलीत बाकावर कुलसुमबी येऊन बसली होती, ओढणी ओढून, मांडीवर बाटलीची पिशवी. जयवंता पडद्याच्या कडेला उभी राहिली.

साहेब एकेक कार्ड उचलायचे, दिव्याकडे तिरपं धरायचे, "हं" म्हणायचे आणि लिहायचे. तेलकट. तेलकट. अतितेलकट. तेलकट. भाजी निवडतानाही बाई याच्यापेक्षा जास्त वेळ घेते. सातवं कार्ड जानराव, मोर्शी. साहेबांनी ते तिरपं धरलं. स्वतःच्या तिळावरून भिंग फिरवलं. म्हणाले, "अरे अरे! खुशालराव, हा माणूस आहे की तेलाचा डबा?" आणि लिहिलं: अतितेलकट, नंबर तीन.

खुशालराव हसले. जयवंता पडद्याबाहेर आली. पाच वर्षांत गिऱ्हाइकासमोर ती स्वतःहून पहिल्यांदाच येत होती.

"साहेब, जानराव इथंच हायेत. त्याइले आत्ताच लावून दाखवता का? या बाईंनाही पाहाचं हाय कसं लावतात ते."

"जरूर," साहेब म्हणाले. "कुठं आहेत?"

जयवंतानं कुलसुमबीच्या पिशवीतली बाटली घेतली, झाकण उघडलं. स्पिरिट आणि गंधकाचा वास खोलीभर पसरला. तिनं कापूस भिजवला आणि साहेबांसमोर धरला.

"लावा जी. तोंडाले."

"कोणाच्या?"

"तुमच्या. हे कार्ड तुमचं हाय."

तिनं कार्ड उचललं आणि भिंतीवरच्या मोठ्या फोटोपाशी नेलं. डोळ्याखालचा तीळ तिथं होता. कार्डावर तीळ होता. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गालावरही होता.

"ही काय बदमाशी आहे?" साहेब उठले. "खुशालराव, ही कोण बाई?"

"रिटचर हाय जी," खुशालराव पुटपुटले.

"बदमाशी कायची, साहेब? तुमीच लिहिलं. अतितेलकट. तेलाचा डबाही तुमीच म्हटलं. तेल आत हाय म्हणता ना? मग काढू ना बाहेर." तिनं कापूस आणखी पुढं केला. वासानं साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेब मागं सरकले. खुर्ची पडली. "दूर कर ते! मूर्ख बाई! माझी कातडी कोरडी आहे! थंडीत फुटते, मी रोज सकाळी बदामतेल लावतो, म्हणून..."

आणि तिथं ते थांबले. पण उशीर झाला होता.

मग बाकावरून कुलसुमबी उठली. तिनं ओढणी मागं सारली, आणि साहेबांनी पहिल्यांदा, भिंगाशिवाय, आपलं औषध लावलेलं तोंड पाहिलं. पाच दिवसांच्या लोण्यानं चिरा मिटत आल्या होत्या, पण गाल अजून लाल होते.

"साहेब," ती म्हणाली, "मीही त्या दिवशी तेल लावून आली होती. तीळतेल. बदामतेल आमच्या घरी येत नाही. तुमचं तेल वरचं आणि माझं तेल आतलं, हे तुमाले त्या काचेतून कसं दिसलं?"

साहेबांनी भिंग खिशात घातलं. "फोटोच चुकीचे काढले आहेत. दोष स्टुडिओचा आहे."

"हो, हाय," जयवंता म्हणाली. "अर्धा आमचा हाय. दिवे आमचे, आणि भोकं माझ्या पेन्सिलीनं बुजवली. मी मान्य करते. पण जानरावच्या फोटोले पेन्सिल लागली नव्हती, साहेब. रेघा होत्या, पापुद्रे होते, भोक एक नव्हतं. सगळं समोर होतं. तुमी फक्त चमक पाहिली, कारण तुमाले दुसरं पाहताच येत नाही. तोंड धुऊन, पुसून, अर्धा घंटा काही न लावता बसवा माणसाले. खिडकीच्या उजेडात, बाजूनं फोटो काढा. पातळ कागद नाकाले लावा, मग गालाले लावा, कुठं तेल उठते ते पाहा. एवढं केल्यावरही फोटो अर्धंच सांगते. आणि तुमी सात कार्डं एका विडीच्या वेळात उडवता!"

"तुला कोणी विचारलं?"

"नाही विचारलं. पाच वर्षं कोणीच नाही विचारलं."

साहेब उरलेली सात कार्डं तशीच टेबलावर टाकून गेले. दारातून म्हणाले, अमरावतीत स्टुडिओ पुष्कळ आहेत. खुशालराव त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत धावले, "साहेब, साहेब," करत, आणि परत आले तेव्हा घामानं पावडर धुऊन गेली होती, नाक आपल्या खऱ्या रूपात आलं होतं. त्यांना जयवंताला काढून टाकायचं होतं. तोंडावर तसं दिसत होतं. पण आत लग्नसराईच्या चाळीस निगेटिव्ह पडल्या होत्या, आणि अकोल्यात तिच्या हाताचा दुसरा माणूस नव्हता. म्हणून ते फक्त म्हणाले, "पडदा ओढ."

"राहू द्या उघडा," जयवंता म्हणाली, "उजेड येते." आणि पडदा उघडाच राहिला.

उरलेली बाटली कुलसुमबीनं मोरीत ओतली. त्याच दुपारी ती सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी औषधानं भाजलेली कातडी आहे, लागट काही नाही, असं दोन ओळींत लिहून दिलं. तो कागद घेऊन ती संध्याकाळच्या एस.टी.नं अकोटला गेली आणि सोमवारी शाळेत गेली. हेडमास्तरणीनं कागद तीनदा वाचला आणि तरीही पोरींना चार दिवस पुढच्या रांगेत बसू दिलं नाही. शिकलेल्या माणसाचं असंच असतं. पाचव्या दिवशी पोरी आपल्याआपण पुढं येऊन बसल्या.

संक्रांतीनंतर कुलसुमबी तीळगूळ घेऊन स्टुडिओत आली. जयवंतानं तिला तोंड धुवायला लावलं, अर्धा तास नुसतं बसवलं आणि खिडकीपाशी उभं करून स्वतः फोटो काढला. नाकावर भोकं आली, गाल साधे आले, कुठं कुठं जुन्या चिरेची रेघ. पेन्सिल लावली नाही.

"असाच देता?" कुलसुमबीनं विचारलं.

"असाच हाय तर असाच देते."

"बरी दिसते मी," कुलसुमबी म्हणाली आणि फोटो पिशवीत ठेवला.

रूपकांती बंद झाली असं कोणी समजू नये. फेब्रुवारीत वर्तमानपत्रात पुन्हा जाहिरात आली. 'आता नव्या शास्त्रीय पद्धतीने फोटोवरून परीक्षा.' वर साहेबांचा फोटो, अमरावतीत काढलेला. जयवंतानं तो भिंगाखाली धरला. ज्यानं कोणी रिटच केला होता त्याचा हात चांगला होता. कपाळावर एक रेघ नाही, नाकाशी एक पापुद्रा नाही. तीळसुद्धा बुजवला होता.

चमक मात्र होती.